उंदरांचे पहिले तीन महिने: दोनाचे दीडशे कसे होतात आणि त्यांना कधी गाठायचे

घरात किंवा गोदामात उंदीर दिसला की बहुतेकांना वाटते, आता शिरलेला दिसतोय. सहसा तसे नसते. मोठा उंदीर रात्री हिंडतो, भिंतीच्या कडेकडेने पळतो, नव्या वस्तूला बुजतो आणि पोट भरले की दडून बसतो. तो उघड्यावर, त्यातही दिवसाउजेडी दिसू लागतो, तेव्हा बऱ्याचदा आतल्या जागी दाटी झालेली असते आणि दुबळ्यांना रात्री खायला मिळत नसते. म्हणजे उंदीर दिसण्याआधी दोन-तीन महिने त्यांची वीण सुरू झालेली असू शकते. हा लेख त्याच न दिसणाऱ्या काळाबद्दल आहे. या काळात प्रश्न दहा-वीस उंदरांचा असतो आणि तेव्हा तो खरोखर सुटतो.

मी इथे प्रामुख्याने तपकिरी उंदराबद्दल लिहितो आहे. हा जाडजूड असतो आणि बिळे करतो. छपरात राहणारा काळा उंदीर आणि छोटा घरउंदीर यांचे आकडे थोडे वेगळे आहेत, पण गणिताची रीत तीच.

मादीचे वेळापत्रक

उंदरांची मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते. गर्भकाळ 21 ते 23 दिवसांचा. एका वेताला 6 ते 12 पिल्ले होतात, सरासरी 8 धरायला हरकत नाही. पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांच्या अंगावर केस नसतात आणि डोळे मिटलेले असतात. साधारण दोन आठवड्यांनी डोळे उघडतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध तुटते. तोपर्यंत ती घरट्याबाहेर येत नाहीत, म्हणून कुणाच्या नजरेला पडत नाहीत आणि पिंजऱ्यातही सापडत नाहीत.

एवढे इतर लहान प्राण्यांतही दिसते. उंदराचा खरा वेग पुढच्या दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे मादी व्याल्यानंतर साधारण एका दिवसात पुन्हा माजावर येते. नर जवळ असेल तर एका वेताला दूध पाजत असतानाच पुढचे वेत पोटात वाढू लागते. अंगावर पिणारी पिल्ले जास्त असतील तर पुढचा गर्भ रुजायला काही दिवस उशीर होतो, पण थांबत काहीच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे लेकी 8 ते 12 आठवड्यांच्या झाल्या की त्यांनाही पिल्ले होऊ शकतात. आई अजून वीत असते आणि तिच्या जोडीला मुली विऊ लागतात. त्यातून कधी कधी दोन-तीन माद्या एकाच घरट्यात राहतात आणि एकमेकींच्या पिल्लांना पाजतात, त्यामुळे एखादी आई मेली तरी सगळे वेत मरत नाही.

निसर्गात याची गरज असते, कारण बाहेर उंदराचे आयुष्य फार थोडे. बहुतेक उंदीर वर्षभरही जगत नाहीत. मांजर, घुबड, साप, थंडी, उपासमार आणि आपापसांतल्या मारामाऱ्या यांत बरेचसे संपतात. ज्या जातीचे इतके मरतात, तिला इतके जन्माला घालावेच लागतात. पण आपल्या इमारतीत ऊब असते, शिकारी नसतो आणि अन्न बाराही महिने मिळते. मरणे कमी होते, जन्माचा वेग मात्र तोच राहतो.

एका जोडीचे सहा महिने

हिशेब मांडून पाहू. एका कोठीच्या खोलीत पोत्यांच्या थप्पीमागे एक गाभण मादी आणि एक नर आले. मी मुद्दाम आवरते आकडे धरतो. वेताला 8 ऐवजी 6 पिल्ले जगतात, त्यांतल्या निम्म्या माद्या. मादी दर पाच आठवड्यांनी विते. लेक 14 आठवड्यांची झाली की तिचे पहिले वेत होते. या काळात मोठा उंदीर एकही मरत नाही, एवढी एक सूट उंदरांना दिली आहे.

मादी पहिल्या आठवड्यात व्याली, म्हणजे एकूण 8 झाले. सहाव्या आठवड्यात दुसरे वेत, 14. अकराव्या आठवड्यात तिसरे वेत, 20. चौदावा आठवडा संपला तरी आकडा 20 वरच आहे आणि त्यातली सहा पिल्ले नुकती दूध सोडणारी. म्हणजे सव्वातीन महिन्यांत खोलीत जेमतेम डझनभर मोठे-मध्यम उंदीर हिंडत असतात, तेही रात्री. आवाज क्वचित येतो. कुणी विचारले तर त्या घरातला माणूस मनापासून सांगेल की आमच्याकडे उंदीर नाहीत.

पंधराव्या आठवड्यात पहिल्या वेतातल्या तिन्ही लेकी वितात. एका आठवड्यात 18 पिल्ले वाढतात आणि आकडा 38 होतो. सोळाव्यात आईचे चौथे वेत, 44. विसाव्या आठवड्यात पहिल्या तीन लेकींचे दुसरे वेत आणि दुसऱ्या वेतातल्या तीन लेकींचे पहिले, म्हणजे 36 पिल्ले, एकूण 80. एकविसाव्यात आईची आणखी सहा, 86. पंचविसाव्या आठवड्यात नऊ लेकी एकदम वितात, 54 पिल्ले, आणि आकडा 140 वर जातो. नाती अजून व्यायल्याही नाहीत, त्यांची पहिली वेते एकोणतिसाव्या आठवड्यात येतील.

पहिल्या चौदा आठवड्यांत दोनाचे वीस झाले आणि पुढच्या अकरा आठवड्यांत वीसाचे एकशे चाळीस. चक्रवाढ व्याजाचा हिशेब असाच असतो, सुरुवातीला रक्कम हलत नाही आणि मग एकाएकी फुगते. लोक म्हणतात, “अचानक उंदीर झाले.” अचानक काहीच झालेले नसते, फक्त लेकींची पहिली फळी वयात आलेली असते.

मग हजारो का होत नाहीत

एका जोडीचे वर्षात हजारो उंदीर होतात, असे आकडे सर्रास सांगितले जातात. ते कागदावर बरोबर आणि प्रत्यक्षात चूक आहेत, कारण त्यांत कुणीच मरत नाही आणि अन्न-जागा कधी संपत नाही असे गृहीत धरलेले असते. दाटी झाली की खालच्या दर्जाच्या माद्यांना घरट्याची चांगली जागा मिळत नाही, त्यांची पिल्ले जगत नाहीत, तरुण नर हाकलले जातात. संख्या एका पातळीला येऊन थबकते आणि उरलेले शेजारी सरकतात. शेजारच्या खोलीतला प्रश्न बऱ्याचदा असाच जन्माला येतो.

ती पातळी ठरते अन्न, पाणी आणि दडण्याच्या जागा यांवर. 1940 च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्तीतल्या उंदरांचा अभ्यास केला. त्यांना दिसले की उंदीर पकडून कमी केले तरी काही महिन्यांत संख्या पूर्वीच्या जागी येते. कचरा आणि आडोसा कमी केला की मात्र ती खाली येऊन खालीच राहते. उंदीर-नियंत्रणात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

वरच्या हिशेबातही ती तपासता येते. 140 उंदरांतले 60 मारले की 80 उरतात, म्हणजे आपण विसाव्या आठवड्याला परत येतो. पाच आठवड्यांत पुन्हा 140. शिवाय उरलेल्यांना आता अन्न आणि जागा जास्त, म्हणून पिल्ले अधिक जगतात. साठ मेलेले उंदीर पाहून काम झाल्यासारखे वाटते, पण मिळालेला असतो फक्त महिनाभराचा वेळ.

पायरी पहिली: शांत काळातल्या खुणा शोधा

उंदीर शोधू नका, त्याच्या लेंड्या शोधा. एक मोठा उंदीर दिवसाला साधारण चाळीस लेंड्या टाकतो. तपकिरी उंदराची लेंडी दोन सेंटिमीटरच्या आसपास, दोन्ही टोकांना बोथट. काळ्या उंदराची त्याहून लहान, टोकदार आणि किंचित वाकडी. तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून छोटी असेल तर तो घरउंदीर. हा फरक आधीच कळलेला बरा, कारण तपकिरी उंदीर जमिनीलगत आणि बिळात शोधायचा असतो, काळा उंदीर वर, छपराकडे. लेंड्या लहान-मोठ्या मिसळलेल्या असतील तर पिल्ले वाढत आहेत किंवा दोन जाती आहेत.

टॉर्च घेऊन भिंत आणि जमीन जिथे मिळते ती कड पाहा. उंदीर रोज त्याच वाटेने जातो आणि त्याच्या अंगाच्या तेलकटपणाने तिथे काळपट पट्टा उमटतो. फडताळांच्या मागे, पाइप भिंतीत शिरतात तिथे, पाण्याच्या टाकीखाली आणि फ्रिजच्या मोटरजवळच्या उबदार कोपऱ्यात बघा. कुरतडलेल्या लाकडाचा रंग अजून फिकट आणि ताजा असेल तर खूण नवी.

खूण जुनी की चालू, हे ठरवायला सोपी रीत आहे. सगळ्या लेंड्या काढून जागा स्वच्छ करा आणि संध्याकाळी वाटेवर पिठाचा किंवा टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवा. सकाळी पावले आणि शेपटीची रेघ उमटली तर वर्दळ चालू आहे. बाहेर बीळ असेल तर त्यात चुरगळलेला कागद कोंबा. दुसऱ्या दिवशी तो ढकललेला दिसला तर बीळ वस्तीचे आहे. हे लागोपाठ तीन रात्री करा, कारण एखाद्या रात्री उंदीर दुसऱ्या वाटेनेही जातो.

लेंड्या कोरड्या असताना झाडू मारू नका, धूळ उडून श्वासात जाते. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पसरतात. खोली अर्धा तास उघडी ठेवा, हातमोजे आणि मास्क घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे द्रावण शिंपडून पाच-दहा मिनिटे भिजू द्या आणि मग कागदाने पुसून घ्या. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही क्लिनर मिसळू नका.

पायरी दुसरी: आधी अन्न तोडा

लोक थेट पिंजऱ्याकडे वळतात. मी अन्नापासून सुरुवात करायला सांगतो, त्याला दोन कारणे आहेत. भरल्या पोटाचा उंदीर आमिषाकडे फिरकत नाही. आणि मादीला पुरेसे खायला मिळाले नाही तर वेते लहान होतात व कमी पिल्ले जगतात, म्हणजे तुम्ही जन्माचा वेगच कमी करता.

मोठ्या उंदराला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम अन्न पुरते. चौदाव्या आठवड्यातल्या त्या वीस जणांचा रोजचा खर्च अर्ध्या किलोच्या आसपास येतो. इतके अन्न पोत्याला पडलेल्या भोकातून, रात्रभर उघड्या राहिलेल्या कचऱ्याच्या डब्यातून आणि पाळीव प्राण्याच्या ताटलीतून सहज मिळते. धान्य धातूच्या किंवा जाड, घट्ट झाकणाच्या डब्यात जावे, कारण पातळ प्लॅस्टिक उंदीर कुरतडतो. कचरा संध्याकाळीच बाहेर जावा. पोती जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा, म्हणजे मागे वाट उरणार नाही आणि तुम्हालाही पाहता येईल. गळका नळ दुरुस्त करा, तपकिरी उंदराला रोज पाणी लागते. घरउंदीर मात्र अन्नातल्या ओलाव्यावर भागवून नेतो, तिथे नळाने फारसा फरक पडत नाही.

पायरी तिसरी: सापळे एकदम, थोडे थोडे नाही

मोठा उंदीर नव्या वस्तूला कित्येक दिवस घाबरतो. पहिल्याच रात्री ताणलेला सापळा लावला आणि एखादा उंदीर निसटला, तर तो त्या सापळ्याकडे पुन्हा फिरकणे कठीण. म्हणून स्प्रिंगचे सापळे न ताणता, आमिष लावून चार-पाच दिवस वाटेवर नुसते ठेवा. आमिष खाल्ले जाऊ लागले की एकाच संध्याकाळी सगळे ताणा. सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. शेंगदाण्याच्या लोण्यासारखे तेलकट, चिकटणारे आमिष बोटाच्या टोकाएवढे पुरे, मोठा गोळा ठेवला तर उंदीर कडेने कुरतडून निघून जातो. घरटे बांधणारी मादी अन्नाला दाद देत नसेल तर सापळ्याला कापूस किंवा सुताचा तुकडा घट्ट बांधून पाहा.

एका खोलीतल्या प्रश्नासाठी दोन सापळे पुरत नाहीत. दहा-बारा लावा. लांब भिंतीवर मोठ्या उंदरासाठी पाच-सहा मीटरवर एक, घरउंदरासाठी दोन-तीन मीटरवर एक आणि जिथे लेंड्या दाट आहेत तिथे दोन दोन शेजारी. कारण त्या हिशेबातच आहे. आठवड्याला एक उंदीर पकडला तर पाच आठवड्यांत पाच गेले आणि तेवढ्या काळात एकच मादी सहा नवे आणून मोकळी होते. तुमचा वेग विणीच्या वेगापेक्षा जास्त नसेल तर संख्या कमी होत नाही. लहान मुले किंवा पाळीव प्राणी असतील तर सापळे बंद पेटीत ठेवा. गोंदाचे पॅड मी सुचवत नाही, प्राणी तासन् तास तडफडतो आणि बरेच मोठे उंदीर त्यातून सुटूनही जातात.

विषारी आमिषाबद्दल थोडे. आज बहुतेक औषधे रक्त गोठू न देणारी असतात. उंदीर खाल्ल्यावर तीन ते सात दिवसांनी मरतो, त्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही. पण तो भिंतीच्या पोकळीत मरू शकतो आणि पुढचे काही आठवडे दुर्गंधी येत राहते. तो अर्धमेला असताना मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्यापर्यंत पोहोचते. या औषधांना दाद न देणारे उंदीर 1958 मध्येच स्कॉटलंडमध्ये आढळले होते, तेव्हा भरपूर आमिष खाऊनही उंदीर मरत नसतील तर मात्रा वाढवू नका, जाणकाराला बोलवा. विष कुलूप असलेल्या पेटीतच ठेवावे. मुलाने ते तोंडात घातल्याची शंका आली तरी वाट न पाहता पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा.

पायरी चौथी: भोके बुजवा, पण क्रम पाळून

घरउंदराला साधारण 6 मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल आत जाते का, ही चांगली चाचणी आहे. मोठ्या उंदराच्या पिल्लाला अंगठ्याएवढे भोक पुरेसे होते. बुजवायला नुसता फोम वापरू नका, तो कुरतडला जातो. आत स्टीलची लोकर कोंबून वरून सिमेंट लावा, मोठ्या झरोक्याला बारीक लोखंडी जाळी आणि दाराच्या तळाला धातूची पट्टी बसवा.

क्रम असा की बाहेरून आत येणारी भोके लवकर बुजवायची, म्हणजे नवे पाहुणे थांबतात. आतल्या पोकळीकडे जाणारी भोके मात्र पावडरवर पावले उमटणे थांबेपर्यंत उघडी ठेवायची. आधीच बंद केली तर उंदीर भिंतीत अडकून मरतात किंवा दुसरीकडून कुरतडून बाहेर पडतात आणि तुम्हाला माहीत असलेली वाट हातची जाते.

पायरी पाचवी: सात-आठ आठवडे थांबा

प्रयत्न सहसा इथे फसतात. पहिल्या आठवड्यात आठ उंदीर सापडतात, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात एकही नाही, आणि सापळे उचलून ठेवले जातात. आता मादीचे वेळापत्रक आठवा. समजा एक नुकतीच गाभण राहिलेली मादी सापळ्यांपासून वाचली. तिला व्यायला तीन आठवडे आणि पिल्ले बाहेर यायला आणखी तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे शेवटचा उंदीर सापडल्यावर सहा-सात आठवडे सारे शांत राहू शकते आणि मग अचानक सहा पिल्ले हिंडू लागतात. म्हणून शेवटचा उंदीर सापडलेल्या दिवसापासून आठ आठवडे सापळे जागेवरच ठेवा. दर आठवड्याला आमिष बदला आणि एका रात्री पावडर पसरून सकाळी बघा.

या काळात लहान, अर्धवट वाढलेले उंदीर सापडू लागले तर कुठेतरी घरटे शिल्लक आहे. ते बहुधा सापळ्यांपासून पंधरा-वीस मीटरच्या आत असते, कारण अन्न जवळ असेल तर मोठा उंदीर सहसा तीस-पन्नास मीटरच्या पलीकडे जात नाही. तेवढ्या परिघात कापडाचे गठ्ठे, खोके, जिन्याखालची अडगळ आणि बाहेरचा राडारोडा एकेक करून हलवून पाहा. फाडलेल्या कापडाचा, कागदाचा किंवा दोऱ्यांचा वाटोळा गोळा सापडला की ते घरटे. सगळे मोठेच उंदीर सापडत असतील आणि आकडा आठवड्यागणिक तसाच राहत असेल, तर ते बाहेरून येत आहेत. अशा वेळी सापळे वाढवून उपयोग नाही, बाहेरच्या भिंतीची पाहणी पुन्हा करायची आणि शेजारच्या जागांनाही सोबत घ्यायचे.

दिवसा उंदीर दिसत असतील, रोज नव्या लेंड्या शेकड्यांनी मिळत असतील किंवा बिळांना पाचापेक्षा जास्त चालू तोंडे असतील, तर तुम्ही आपल्या हिशेबातल्या विसाव्या आठवड्याच्या पुढे गेला आहात. तिथे घरगुती सापळ्यांचा वेग पुरत नाही. व्यावसायिकाला बोलवा आणि आधीच विचारून घ्या की तो किती आठवड्यांनी पुन्हा येऊन तपासणार आहे. एकदा औषध ठेवून जाणाऱ्यापेक्षा आठ आठवड्यांत तीन-चार फेऱ्या मारणारा आणि बाहेरची भोके दाखवून देणारा माणूस निवडा.